पसाऱ्याच्या फोटोतून निघालेला तक्ता

फोटो दारात उभं राहून काढलेला आहे. खोली नऊ बाय दहा फुटांची, शहरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या वाट्याला साधारण येते तेवढी. डाव्या भिंतीला पलंग, त्यावर चुरगळलेलं पांघरूण, ओला टॉवेल आणि उघडा पडलेला ‘किशोर’चा अंक. खिडकीखाली अभ्यासाचं टेबल, पण टेबलाचा पृष्ठभाग दिसत नाही. वह्या, रंगपेटी, कंपासपेटी, सरबताचा ग्लास आणि शार्पनरचा भुगा यांनी ते भरून गेलं आहे. खुर्चीच्या पाठीवर कपड्यांचा ढीग. जमिनीवर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा सडा, उघडं दप्तर, त्यातून अर्धा बाहेर आलेला जेवणाचा डबा आणि एकमेकांपासून लांब पडलेले दोन मोजे.

ही खोली नमुन्यादाखल घेतलेली आहे. आठ-नऊ वर्षांचं मूल असलेल्या घरात असं दृश्य रोज संध्याकाळी दिसतं आणि त्यावर रोज एकच वाक्य उमटतं, ‘आधी ती खोली आवर!’ मूल खोलीत जातं, दोन ठोकळे उचलतं, तिसऱ्याशी खेळू लागतं. अर्ध्या तासाने खोली तशीच असते आणि घरातले आवाज चढलेले असतात.

मुलाचा आळस हे यामागचं एक कारण असू शकतं, पण बहुतेक वेळा अडचण त्या वाक्यातच असते. ‘खोली आवर’ हे मोठ्यांना एक काम वाटतं, कारण त्यातले टप्पे त्यांना सवयीने दिसतात. मुलाला त्या खोलीत पन्नास-साठ सुट्या वस्तू दिसतात. प्रत्येक वस्तूपाशी त्याला ठरवावं लागतं की ही ठेवायची की टाकायची, ठेवायची तर कुठे, आणि हे आधी करायचं की ते. एका वेळी अनेक गोष्टी मनात धरून त्यांचा क्रम लावण्याची क्षमता लहानपणी मर्यादित असते आणि ती पौगंडावस्था संपेपर्यंत हळूहळू वाढत राहते. म्हणून हा क्रम मुलाच्या डोक्याबाहेर, भिंतीवर मांडून ठेवला की काम सोपं होतं. तो मांडायचा कसा, हे फोटोवरून ठरवता येतं.

फोटो काढून वाचायचा कसा

रोज दिसणाऱ्या पसाऱ्याला डोळे सरावतात. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग आठवडाभर तिथेच असला, तर तो खुर्चीचाच भाग वाटू लागतो. फोटोत तो पुन्हा वेगळा दिसतो. शिवाय फोटो पाहताना मूल आणि पालक एकाच बाजूला बसलेले असतात. समोर खोली असते आणि कोणी कोणाला जाब विचारत नसतं.

तीन फोटो पुरतात. एक दारातून, पूर्ण खोलीचा. दुसरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे गुडघ्यांवर बसून, कारण पलंगाखालचं आणि टेबलाखालचं त्या उंचीवरूनच दिसतं. तिसरा कपाटाची दारं उघडी ठेवून. फोटो दिवसाउजेडी काढावेत, आधी काहीही न आवरता आणि मुलाला सांगून. ते घरातल्या त्या दोघा-तिघांपुरतेच राहावेत. आत्या-मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला पसाऱ्याचा फोटो मुलाला चांगलाच झोंबतो आणि पुढच्या खेपेला खोलीचं दार बंद होतं.

मग फोटोतल्या वस्तूंची वर्गवारी करायची. अमेरिकेतल्या समुपदेशक केसी डेव्हिस यांनी यासाठी एक सुटसुटीत पद्धत लोकप्रिय केली आहे. त्यांच्या मते कोणत्याही पसाऱ्यात पाचच प्रकारच्या गोष्टी असतात. कचरा, भांडी, कपडे, ज्यांची जागा ठरलेली आहे अशा वस्तू आणि ज्यांना जागाच नाही अशा वस्तू. मुलांच्या खोलीसाठी चौथ्या प्रकाराचे दोन भाग केले की पुरे, एक अभ्यासाचं सामान आणि दुसरा खेळणी.

आता वरच्या फोटोची मोजणी करू. ठोकळ्यांचा सडा एकच वस्तू धरला, तर एकूण 57 वस्तू जागेबाहेर आहेत. कचरा 9, त्यात बिस्किटांची वेष्टनं, वाळून गेलेली दोन स्केचपेनं, तुटलेली पट्टी आणि तो भुगा. भांडी 3: ग्लास, ताटली, डबा. कपडे 14. वह्या, पुस्तकं, पेनं मिळून 17. खेळणी 8. आणि जागाच नसलेल्या वस्तू 6: शाळेसाठी केलेला थर्माकोलचा प्रकल्प, दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांची पिशवी, स्केट्सची जोडी, वाढदिवसाला आलेला न उघडलेला खेळ, एक जुनी पाण्याची बाटली आणि एक रिकामा खोका.

ही मोजणी मुलानेच केली तर उत्तम. आठ वर्षांच्या मुलाला फोटोवर लाल पेनाने गोल करत मोजायला आवडतं आणि मोजता मोजता त्याला कळतं की आपल्याला 57 वेगवेगळी कामं नाहीत, सहा प्रकारची कामं आहेत.

आकडे काय सांगतात

आकड्यांकडे थोडं थांबून पाहिलं, तर तक्त्याआधी खोलीत काय बदलायला हवं ते समजतं. या फोटोतले 14 पैकी 10 कपडे खुर्चीवर आहेत. त्यातले सहा संध्याकाळी एकदाच घातलेले आहेत. ते धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि कपाटात घड्यांमध्ये ठेवण्याइतके स्वच्छही नाहीत. अशा कपड्यांना घरात जागाच नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. इथे मुलाला दहादा सांगून काही होणार नाही. दारामागे मुलाच्या खांद्याच्या उंचीवर तीन-चार खुंट्या किंवा चिकटवायचे हुक लावले की तो ढीग बराचसा आपोआप घटतो.

कचऱ्याचंही तसंच. या खोलीत कचऱ्याची टोपली नाही. बिस्किटाचं वेष्टन टाकायला स्वयंपाकघरापर्यंत जावं लागतं. टेबलाखाली एक छोटी टोपली आली की नऊपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी तिथेच संपतील. धुवायच्या कपड्यांची टोपली बाथरूममध्ये असेल आणि मूल कपडे खोलीत बदलत असेल, तर मोजे जमिनीवरच राहणार. टोपली खोलीत आणणं किंवा कपडे बदलण्याची जागा बाथरूमपाशी नेणं, यातलं एक काहीतरी करावं लागेल.

वस्तू मुलाच्या हाताला येतील अशा ठेवल्या की मूल त्या स्वतः जागेवर ठेवतं, हे बालशिक्षणात जुनंच आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे पुढे मुलांच्या उंचीचं फर्निचर आणि हाताशी येणारी कपाटं आली आणि साधन वापरून झालं की मुलाने ते जागेवर नेऊन ठेवायचं, हा कामाचाच भाग ठरला. झाडणं, पुसणं, धुणं ही तिथल्या मुलांची रोजची कामं होती. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात हाच विचार गावातल्या मुलांपर्यंत नेला. महागड्या साधनांऐवजी त्यांनी परिसरात मिळणाऱ्या शंखशिंपल्यांतून, बियांतून, पानांतून शिकवलं. घरी खोली लावतानाही हेच लक्षात ठेवता येईल. बाजारातली रंगीत साठवणपेटी आणायची गरज नसते. बुटांचे खोके आणि श्रीखंडाचे रिकामे डबे चालतात.

मात्र त्या खोक्यांना झाकण नको. वस्तू आत टाकायला एकच हालचाल पुरली पाहिजे. झाकण काढा, टाका, झाकण लावा, खोका फडताळावर चढवा, इतक्या चार पायऱ्या झाल्या की मूल ती वस्तू खोक्याशेजारी ठेवून मोकळं होतं. खोक्यावर आत काय आहे त्याचं चित्र किंवा छोटा फोटो चिकटवावा. वाचता येणाऱ्या मुलांनाही चित्र अक्षरांपेक्षा पटकन दिसतं. फार बारीक वर्गवारीही टाळावी. ठोकळे रंगांनुसार वेगळे करून ठेवण्याचा नियम पहिल्या आठवड्यातच मोडतो, तर ‘सगळे ठोकळे या एका टबात’ हा नियम टिकतो.

खेळण्यांची संख्या हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. चार खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली, तर सोळा खेळणी असताना ती एकावरून दुसऱ्याकडे जात राहिली. मोठ्या मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निम्मी खेळणी एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवायची आणि महिन्याने अदलाबदल करायची, हा उपाय कोणत्याही वयाला चालतो. आवरायला कमी वस्तू राहतात आणि माळ्यावरून उतरलेला जुना खेळ मुलाला नव्यासारखा वाटतो.

जागा नसलेल्या सहा वस्तूंचा निर्णय मुलाला सोबत घेऊनच करावा. थर्माकोलच्या प्रकल्पाचा फोटो काढून तो टाकता येईल. किल्ल्याच्या मावळ्यांना माळ्यावर दिवाळीच्या सामानात जागा आहे. स्केट्स दाराजवळच्या चपलांच्या कपाटात जातील. मुलाला न विचारता वस्तू टाकून दिल्या, तर पुढच्या वेळी ते रिकामा खोकाही सोडायला तयार होत नाही.

तक्त्याआधीचा एक रविवार

रोजचा तक्ता साचलेला पसारा उपसण्यासाठी नसतो. आवरलेली खोली तशी राहावी, एवढंच त्याचं काम. म्हणून आधी एकदा मोठी आवराआवर करावी लागते. दीड-दोन तास पुरतात, पण ते सलग नकोत. वीस मिनिटं काम आणि मध्ये थोडी सुट्टी, असं केलं तर आठ वर्षांचं मूल टिकतं.

क्रम मोजणीतलाच. आधी कचरा, कारण त्यात विचार करावा लागत नाही आणि फरक लगेच दिसतो. मग भांडी उचलून मोरीत. मग कपडे: धुवायचे टोपलीत, एकदा घातलेले खुंटीवर, स्वच्छ कपाटात. मग अभ्यासाचं सामान आणि शेवटी खेळणी. खेळणी आधी घेतली की काम थांबून खेळ सुरू होतो, म्हणून ती शेवटी.

वस्तू जागेवर गेल्या की मग झाडलोट, आणि ती वरून खाली. पंखा आणि कपाटाचा माथा आधी, मग टेबल, मग झाडू, शेवटी फरशी पुसणं. धूळ खाली पडते, म्हणून फरशी आधी पुसली तर ती पुन्हा पुसावी लागते. पंखा पुसण्याआधी पलंगावर जुनी चादर पसरावी. स्टुलावर चढून पंखा पुसणं हे मोठ्यांचं काम, बटण बंद करूनच करायचं. टेबल आणि फडताळं मुलाने ओलसर फडक्याने पुसावीत. कोरड्या फडक्याने धूळ उडते आणि सर्दी-दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ती बाधते.

काम संपलं की त्याच दारातून, त्याच जागी उभं राहून दुसरा फोटो काढायचा. तक्त्यासाठी हा फोटो फार उपयोगाचा आहे. ‘नीट’ म्हणजे काय यावरून घरात होणारे निम्मे वाद यानेच संपतात, कारण मुलाचं नीट आणि आईचं नीट यांत मोठं अंतर असतं. फोटो त्या दोघांमधला करार होतो. मात्र त्यातली खोली रोज गाठता येईल इतपतच आवरलेली असावी. चादरीवर एक सुरकुती नाही आणि पुस्तकं उंचीनुसार लावलेली आहेत, असा फोटो लावला तर मूल रोज नापास होईल.

पाच ओळींचा तक्ता

आता तक्ता. त्यात ‘खोली स्वच्छ ठेवणे’ अशी ओळ नको. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कशानंतर करायचं, काय करायचं आणि वस्तू कुठे जाणार. घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला काम जोडलेलं बरं. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे. फोटोतल्या आठ वर्षांच्या मुलासाठी तक्ता असा होईल:

1. दात घासून झाले की: पांघरुणाची घडी पायथ्याशी, उशी डोक्याशी, टॉवेल दांडीवर.
2. शाळेतून आल्यावर, काही खाण्याआधी: दप्तर टेबलाशेजारच्या हुकावर, डबा आणि बाटली मोरीत, गणवेश आणि मोजे टोपलीत.
3. अभ्यास संपल्यावर: टेबलावरच्या वह्या फडताळात, उद्याचं दप्तर भरून हुकावर.
4. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं: कचरा टोपलीत, कपडे खुंटीवर, खेळणी खोक्यात.
5. शनिवारी नाश्त्यानंतर: टेबल पुसणं, पलंगाखालचं बाहेर काढणं, चादर बदलायला मदत.

रोजच्या चार आणि आठवड्याची एक, एवढ्याच ओळी. पहिल्या तक्त्यात बारा-पंधरा कामं लिहिण्याचा मोह पालकांना होतो आणि तक्ते फसण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. फोटोच्या मोजणीतून जे सर्वांत जास्त निघालं तेवढंच तक्त्यात यावं. या खोलीत अभ्यासाचं सामान 17 आणि कपडे 14 होते, म्हणून दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ मिळून त्यांनाच धरते. दुसऱ्या घरी खेळण्यांचाच पसारा असेल, तर तिथला तक्ता वेगळा होईल.

ज्या घरांत झाडू-फरशीला मावशी येतात, तिथे त्यांच्या येण्याची वेळ हाच सर्वांत पक्का इशारा असतो. त्या सकाळी नऊला येत असतील, तर त्याआधी जमीन मोकळी हवी. नाहीतर त्या पसाऱ्याच्या कडेकडेने झाडतात किंवा सगळं उचलून पलंगावर ठेवतात, आणि मग आपली वस्तू सापडत नाही म्हणून मुलाची चिडचिड होते. अशा घरात ‘मावशी येण्याआधी जमिनीवर काही नाही’ ही ओळ तक्त्यात घालावी. आपल्या पसाऱ्याने दुसऱ्याचं काम वाढतं, हे मुलाला त्यातून दिसतं.

तक्ता ए-फोर आकाराच्या एका कागदावर मावतो. तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला की वर पुसता येणाऱ्या मार्करने खुणा करता येतात आणि कागद दर आठवड्याला बदलावा लागत नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे पुठ्ठ्याच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावायचे. काम झालं की चिमटा डावीकडून उजवीकडे जातो आणि रात्री सगळे परत डावीकडे येतात. लहान मुलांना खूण करण्यापेक्षा चिमटा हलवणं जास्त आवडतं. तक्ता खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांसमोर लावावा आणि शेजारी आवरलेल्या खोलीचा फोटो. दिवाणखान्यात लावला तर पाहुण्यांसमोर त्याची चर्चा होते आणि मुलाला तो आपली लाज काढणारा कागद वाटू लागतो.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी प्रत्येक ओळीत चित्र हवं. चित्रांनी दिवसाचा क्रम दाखवण्याची पद्धत स्वमग्न मुलांच्या शिक्षणात फार उपयोगी ठरली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात 1972 मध्ये सुरू झालेल्या ‘टीच’ या उपक्रमाने ती पद्धतशीर केली आणि आज ती इतर मुलांच्या वर्गांतही वापरली जाते. घरी चित्र काढता येत नसेल, तर त्या त्या वस्तूचा फोनवर फोटो काढून छापून आणावा. हुकाला लटकलेलं स्वतःचं दप्तर फोटोत पाहून चार वर्षांच्या मुलालाही ते कुठे ठेवायचं ते कळतं.

वयाप्रमाणे ओळी बदलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन कामं पुरे, तीही मोठ्यांच्या बरोबरीने: खेळणी टबात आणि कपडे टोपलीत. पाच ते सात वर्षांत तीन कामं होतात. आठच्या पुढे वरच्यासारखा पूर्ण तक्ता चालतो. बारा-तेराच्या पुढे चिमटे आणि चित्रं बालिश वाटतात. तिथे आठवड्यातून एकदा खोली कोणत्या अवस्थेत असावी एवढंच ठरवावं आणि रोजचं त्यांच्यावर सोपवावं. एक गोष्ट मात्र वयाने बदलू नये. घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील, तर दोघांच्या तक्त्यात कामं सारखी असावीत. बहिणीने भावाचं पांघरूण आवरायचं, ही ओळ कोणाच्याच तक्त्यात नको.

पहिले दोन महिने

तक्ता लावला आणि दुसऱ्या दिवसापासून खोली आवरलेली, असं होत नाही. पहिला आठवडा पालकाने मुलासोबत प्रत्येक ओळ प्रत्यक्ष करावी. दुसऱ्या आठवड्यात दारात उभं राहून फक्त विचारावं, ‘आता कोणती ओळ?’ तिसऱ्या आठवड्यापासून रात्री एकदाच, फोटोशी ताडून पाहावं, आणि ते ताडणं मुलानेच करावं. ‘फोटोत आणि खोलीत काय वेगळं दिसतंय?’ या प्रश्नावर मूल स्वतःच पलंगावरचा टॉवेल दाखवतं.

सवय 21 दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 प्रौढांच्या रोजच्या छोट्या सवयी पाहिल्या गेल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले आणि माणसामाणसांत फरक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होता. हा अभ्यास मुलांचा नाही, पण दोन गोष्टी त्यातून घेता येतात. निदान दोन महिने धीर धरावा लागतो, आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. आजारपण, लग्नकार्य, सहामाही परीक्षा यांत तक्ता बाजूला पडला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासून सुरू करावं. मागची भरपाई करायला लावू नये.

बक्षिसांबाबत जपून राहावं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, असं ज्या मुलांना आधीच सांगितलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. खोली आवरणं हे काही चित्रांसारखं आवडीचं काम नाही, त्यामुळे सुरुवातीला आठवड्याअखेर एखादी छोटी निवड, म्हणजे रविवारी नाश्त्याला काय करायचं ते मुलाने ठरवावं, याने बिघडत नाही. पण प्रत्येक ओळीमागे पाच रुपये ठरले, की मूल कामाआधी दर विचारू लागतं आणि पैसे थांबले की तक्ताही थांबतो.

तक्ता फसतोय हे कसं ओळखायचं

सगळ्या खुणा केलेल्या आहेत, पण पलंगाखाली सगळं कोंबलेलं आहे, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. तो लबाडीचा मानण्याआधी चौथ्या ओळीसाठी दहा मिनिटं पुरतात का ते पाहावं. बहुतेकदा खेळणी खोक्यात मावत नसतात. खोका मोठा करावा किंवा माळ्यावरची पिशवी जड करावी.

तक्त्यात कोणती ओळ रिकामी राहते, हेही पाहावं. समजा दुसरी ओळ दर गुरुवारी चुकते. चौकशी केली तर कळतं की गुरुवारी मूल शाळेतून थेट क्रीडावर्गाला जातं आणि सात वाजता दमून घरी येतं. त्या दिवसासाठी इशारा बदलून ‘हातपाय धुतल्यावर’ करावा. रोजच चुकणाऱ्या ओळीतलं काम किंवा जागा यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. पंधरा दिवसांनी दारातून तिसरा फोटो काढून पहिल्याशी ताडला, तर ते लगेच दिसतं. जी वस्तू दोन्ही फोटोंत एकाच चुकीच्या जागी आहे, तिला बहुधा तीच जागा सोयीची आहे. टॉवेल पुन्हा पलंगावरच असेल, तर दांडी बाथरूममधून खोलीत आणावी.

लक्ष टिकवणं ज्या मुलांना मुळातच अवघड जातं, त्यांना पाच ओळींचा कागदही जड होतो. त्यांच्यासाठी प्रत्येक ओळ वेगळ्या कार्डावर लिहून एका वेळी एकच कार्ड दाराला लावावं आणि सोबत दहा मिनिटांचा गजर. एरवी व्यवस्थित राहणाऱ्या मुलाची खोली अचानक विस्कटली आणि त्यासोबत झोप, भूक, शाळेत जाण्याची इच्छाही बदलली, तर तक्ता कडक करण्याऐवजी मुलाशी बोलावं आणि गरज पडली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुलाला स्वतंत्र खोली असणं ही सगळ्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पलंगाखालीच स्वयंपाकाचे डबे आणि अभ्यास जमिनीवर, तिथेही हीच पद्धत लागू पडते, फक्त फोटो एका कोपऱ्याचा काढायचा. मुलाच्या नावाची एक ट्रंक किंवा फडताळाचा सर्वांत खालचा खण, भिंतीवर दोन खुंट्या आणि तीन ओळींचा तक्ता. अशा घरात चौथी ओळ जेवणाची पानं घेण्याआधी येते, कारण त्याच जागेवर जेवायला बसायचं असतं, आणि ती क्वचितच चुकते. दोन भावंडं एकाच खोलीत असतील, तर दोघांना वेगळ्या रंगाचे चिमटे द्यावेत आणि ठोकळ्यांसारख्या दोघांच्या वस्तू आठवड्याआड एकेकाच्या वाट्याला लावाव्यात.

तक्ता कायमचा नसतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ओला रेनकोट, ओली छत्री आणि चिखलाचे बूट यांना दाराबाहेर जागा आणि तक्त्यात एक ओळ लागते. ऑक्टोबरमध्ये ती काढून टाकायची. दिवाळीच्या सुट्टीत दप्तराची ओळ विश्रांती घेते आणि किल्ल्याच्या मातीची ओळ येते. एखादी ओळ सलग महिनाभर न सांगता होऊ लागली, की ती तक्त्यावरून खोडावी आणि तिच्या जागी लगेच नवी घालू नये. पाचाच्या चार, चारच्या तीन अशा ओळी कमी होताना मुलाला दिसल्या पाहिजेत. या फोटोतल्या खोलीत सर्वांत आधी खोडली जाईल ती बहुधा कपड्यांची सूचना, कारण तिथे खुंट्यांनी निम्मं काम आधीच केलेलं आहे. सर्वांत शेवटी राहील ती शनिवारची ओळ, आणि ती राहू द्यायला हरकत नाही, कारण पलंगाखालची धूळ मोठ्यांच्याही लक्षात आपणहून येत नाही.